"पाचशे माणूस आरामात बसते मॅडम" ऐकून हॉलचा अॅडव्हान्स देऊ नका, नागपुरात आमच्यासोबत झालेलं सांगते

मी आणि माझी मोठी बहीण मिळून नागपुरात भरतनाट्यमचा क्लास चालवतो, ६२ मुली आहेत, आणि दरवर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा एक कार्यक्रम करतो. मागच्याच्या मागच्या वर्षी आमचा नेहमीचा हॉल मिळाला नाही म्हणून रिंग रोडकडचा एक हॉल घेतला आणि तिथे आम्ही पुरते फसलो. नाव लिहत नाही, पण जे झालं ते सगळं लिहिते कारण डिसेंबर आला की कितीतरी क्लासवाले, सोसायटीवाले, मंडळवाले असेच फोनवर हॉल ठरवून टाकतात, आम्हीही तेच केलं होतं.

फोनवर मॅनेजरला मी तीनच गोष्टी विचारल्या होत्या. किती लोक बसतील, लाइटचं काय, आणि हॉल कधीपासून मिळेल. तो म्हणाला, "अजी मॅडम, पाचशे माणूस आरामात बसते आपल्याकडं. जनरेटर आहे, फुल बॅकअप. आन् हॉल सकाळपासून तुमचाच, काई टेन्शन घेऊ नका ना." व्हॉट्सअॅपवर त्याने फोटो पाठवले, एका लग्नाचे, मस्त झुंबर, भरलेला हॉल. ताई म्हणाली एकदा जाऊन बघू, पण तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात आणि तो सांगत होता की त्या रविवारसाठी अजून दोन पार्ट्या मागे लागल्या आहेत, तर आम्ही घाबरून संध्याकाळीच त्याच्या ऑफिसात गेलो, भाडं ६५,००० ठरलं, ४०,००० अॅडव्हान्स आणि १०,००० डिपॉझिट दिलं. गेलो तेव्हा हॉलमध्ये कुणाचं तरी साक्षगंध चालू होतं म्हणून दारातूनच बघितलं. पावती घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. त्या पावतीवर तारखेच्या पुढे त्याने "सायं." लिहिलं होतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात "विद्युत वापर वेगळा" छापलेलं होतं, हे मी कार्यक्रम झाल्यावर वाचलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ९ ला आमचे लाइटवाले भाऊ छोटा हत्ती भरून गेटवर पोचले तर आत बारशाचं जेवण लागून राहिलं होतं. मॅनेजर फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला सकाळची शिफ्ट दुसऱ्याची आहे, तुमचं बुकिंग संध्याकाळचं. हॉल आमच्या हातात आला पावणेचारला, तोही खरकट्यासकट, आणि कार्यक्रम होता साडेपाचला. ज्यांनी स्टेजचं काम केलं आहे त्यांना माहीत असेल, लाइट टांगणं, वायर ओढणं, साउंड चेक, आणि मग मुलींना स्टेजवर एकदा उभं करून जागा दाखवणं याला पाच तास तरी लागतात. आम्हाला पावणेदोन मिळाले. रिहर्सल झालीच नाही, स्टेजवर फक्त दोन लाइट पेटवून साउंड ऐकला आणि पालक यायला लागले.

खुर्च्या मांडल्या तर अडीचशेच्या वर मावेनात. माझे भाऊजी सिव्हिलमध्ये आहेत, त्यांनी नंतर पावलांनी मोजलं, हॉल साधारण ४० बाय ६० फूट. म्हणजे २४०० चौरस फूट, त्यातला १६ फूट खोलीचा स्टेज गेला की उरले १७६०. ओळीने खुर्च्या मांडायच्या, मधे आणि बाजूला जायला वाट सोडायची, तर एका माणसाला सात-आठ चौरस फूट लागतातच, भागून बघा, २२० ते २५०. मग पाचशे कुठून आले? तर लग्नाच्या हॉलवाले कपॅसिटी मोजतात ती रिसेप्शनची, म्हणजे संध्याकाळभरात येऊन, आहेर देऊन, जेवून जाणारी माणसं, त्यात बाहेरचं लॉनही धरलेलं असतं. त्यांच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. पण मी त्याला नाचाचा कार्यक्रम आहे, सगळे एकाच वेळी तीन तास बसणार, असं दोनदा सांगितलं होतं. शंभरावर पालक मागे उभे राहिले, आज्या-आजोबा होते त्यात. आणि जास्तीच्या खुर्च्या त्याच्या माणसांनी बाजूच्या दुसऱ्या दारासमोर रचून ठेवल्या, बाहेर पडायला एकच दार उरलं. ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त खाते.

आता पॉवरचं. गणेशवंदना आणि पुष्पांजली कमी उजेडात होत्या, त्या नीट झाल्या. तिसऱ्या नाचाला भाऊंनी सगळे लाइट पूर्ण केले आणि दीड-दोन मिनिटात स्टेज अंधारात, साउंड बंद, लहान गटातल्या मुली रडायला लागल्या. एमसीबी वर केला, परत तेच. भाऊंनी डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेली पेटी, उघडून बघितली तर स्टेजला दिलेली लाइन होती सिंगल फेज, ३२ अँपिअरची. हिशोब त्यांनी मला नंतर समजावला आणि तो इतका सोपा आहे की प्रत्येकाला यायला पाहिजे. २३० व्होल्ट गुणिले ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७ किलोवॅट. आमचे ८ हॅलोजन प्रत्येकी १००० वॅटचे, तेच झाले ८ किलोवॅट, एलईडीचे पार लाइट मिळून २, साउंड २, एकूण १२ किलोवॅट. ७ च्या लाइनवर १२. आणि एमसीबी अशा लोडला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून पडायला मिनिट-दोन मिनिटं जातात, लोड थोडाच जास्त असेल तर अजून वेळ. म्हणून दोन लाइट लावून घेतलेल्या साउंड चेकमध्ये काहीच कळत नाही आणि भर कार्यक्रमात कळतं.

जनरेटर होता. पण त्यावर फक्त हॉलचे ट्यूब, पंखे आणि ऑफिस जोडलेलं, स्टेजच्या सॉकेटला त्याची लाइनच नव्हती. "फुल बॅकअप" तो हाच. मॅनेजर म्हणाला, बाहेरून जनरेटर मागवून देतो, १४,००० लागतील, कॅश. समोर अडीचशे बसलेले, शंभर उभे, मुली मेकअप करून स्टेजमागे. मी हो म्हटलं. रविवारी संध्याकाळी, लग्नाच्या सीझनमध्ये, गाडीवरचा जनरेटर बारा मिनिटात गेटवर हजर झाला, केबलसकट, आणि तो चालवणारा माणूस कुणालाही न विचारता सरळ स्टेजमागच्या बरोबर जागी गेला. त्या घाईत मला काही सुचलं नाही. घरी आल्यावर ताईच म्हणाली, अगं ती गाडी मागच्या गल्लीत उभीच होती, त्याला आधीपासून माहीत होतं. नंतर एका डेकोरेशनवाल्या ओळखीच्यांनी सांगितलं की तिथे नाच-गाण्याचा कार्यक्रम असला की हे दरवेळी होतं.

रात्री साडेदहाला सामान काढायला गेलो तर ग्रीनरूमला कुलूप. आत ६२ मुलींचे भाड्याचे ड्रेस, दागिने, घुंगरू. मॅनेजरने कागदावर हिशोब लिहून दिला, जनरेटर १४,०००, जास्तीचे दोन तास ८,०००, वीज ३,५००, एकूण २५,५००. उरलेलं भाडं आम्ही सकाळीच दिलं होतं. डिपॉझिटचे दहा वळते करून १५,५०० आणा, मग किल्ली. भाऊजींनी आवाज चढवला, ताई रडायला आली, शेवटी दोन पालकांनी एटीएममधून पैसे काढून आणले. हो, मी म्हटलं त्याला, तुम्ही फोनवर पाचशे म्हणाले होते, सकाळपासून म्हणाले होते. तो शांतपणे म्हणाला, "मी असं बोललोच नाही मॅडम. दाखवा ना कुठं लिवलं आहे."

आणि लिहिलेलं कुठेच नव्हतं. ओळखीच्या वकील काकांना सगळं दाखवलं. ते म्हणाले जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण समोरचा दोन गोष्टी म्हणेल, एक तर तुम्ही क्लास म्हणजे धंद्यासाठी हॉल घेतला म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, त्याला उत्तर देता येतं, पोटापाण्यासाठी स्वतः चालवता असं दाखवता येतं. पण दुसरं, कबूल काय केलं होतं हे कशावरून? व्हॉट्सअॅपवर माझे लांब लांब मेसेज आणि त्याचा फक्त अंगठा. त्यांनी विचारलं, "बेटा, तुझ्याकडे त्याच्या हातचं एक तरी वाक्य आहे का, ज्यात आकडा आहे?" नव्हतं. आम्ही तक्रार केली नाही.

मागच्या वर्षी मात्र मी ठरवलं की आधी मेल, मग भेट, मग पैसे. तीन हॉलना तोच मेल पाठवला. तो खाली जसाच्या तसा देते, वाटलं तर तारीख, आकडे बदलून वापरा.

विषय: रविवार, डिसेंबरचा तिसरा आठवडा, नृत्य कार्यक्रम – हॉल पाहण्यासाठी वेळ आणि लेखी माहिती मिळण्याबाबत

मा. व्यवस्थापक,
नमस्कार. आमच्या नृत्यवर्गाच्या कार्यक्रमासाठी आपला हॉल घेण्याचा विचार आहे. कार्यक्रम संध्याकाळी ५.३० ते ८.३०, सर्व प्रेक्षक पूर्ण वेळ खुर्चीवर बसणार, रिसेप्शन किंवा जेवण नाही. अॅडव्हान्स देण्याआधी आम्ही तिघे (एक लाइटचे तंत्रज्ञ सोबत) हॉल पाहू इच्छितो. शक्यतो रविवारी दुपारी, हॉल रिकामा असताना आणि आपले इलेक्ट्रिशियन हजर असताना अर्धा-पाऊण तास द्यावा.

पुढील माहिती याच मेलला उत्तर म्हणून लिहून द्यावी.

आसन: स्टेज लावल्यावर, ओळीने खुर्च्या मांडून, मधली व बाजूची वाट आणि सर्व दारं मोकळी ठेवून हॉलच्या आत एका वेळी किती लोक बसतात? लॉन यात धरू नये. बाहेर पडायची दारं किती, आणि अग्निसुरक्षेच्या फॉर्म बी ची शेवटची प्रत दाखवता येईल का?

वीज: स्टेजजवळच्या डीबीवर सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि किती अँपिअरचा एमसीबी? आमचा स्टेजचा लोड १२ किलोवॅट आहे, एसी-पंखे सोडून. जनरेटर किती केव्हीएचा आहे आणि स्टेजचे सॉकेट त्यावर जोडलेले आहेत का? डिझेल व वीज भाड्यात आहे की वेगळी, वेगळी असल्यास दर काय?

वेळ: हॉल रिकामा व झाडलेला आमच्या ताब्यात किती वाजता मिळेल? आम्हाला सकाळी १० ला हवा आहे. त्या दिवशी सकाळी दुसरं बुकिंग आहे का? सामान काढून हॉल किती वाजेपर्यंत सोडायचा, त्यापुढे तासाला किती? ग्रीनरूमची किल्ली कुणाकडे असेल?

आपलं उत्तर आणि भेट झाल्यावर दोन दिवसांत अॅडव्हान्स हॉलच्या बँक खात्यात जमा करू आणि पावतीवर या मेलचा उल्लेख करून घेऊ.

मेल संपला. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आदल्या वर्षीच्या एकेका मारातून आलं आहे. "रिसेप्शन नाही, पूर्ण वेळ बसणार" लिहिलं म्हणजे रिसेप्शनचा आकडा आपल्या गळ्यात पडत नाही. "सकाळपासून" या शब्दाला काही अर्थच नाही, "रिकामा व झाडलेला, १० वाजता, ताब्यात" याला आहे. आणि "जनरेटर आहे का" असं विचाराल तर उत्तर हो असंच येणार, स्टेजचं सॉकेट त्यावर आहे का हे विचारायचं. फॉर्म बी म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं प्रमाणपत्र, महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे ते वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ज्याच्याकडे असतं तो लगेच दाखवतो.

तिघांपैकी एकाने मेलला उत्तरच दिलं नाही, फोन केला, "मेलबिल कायले मॅडम, येऊन जा ना, बसून बोलू." मी दोनदा विनंती केली की दोन ओळी तरी लिहा, लिहिल्या नाहीत. सोडला तो. दुसऱ्याने एका ओळीत लिहिलं, "सर्व सुविधा उपलब्ध." आकडा एकही नाही. तोही सोडला, भाडं सगळ्यात कमी होतं तरी. तिसऱ्या हॉलच्या मॅनेजर बाईंनी फोनवर चारशे सांगितले होते, पण मेलमध्ये लिहिलं, "स्टेज लावून खुर्च्या २६०, त्याहून जास्त आम्ही लावू देत नाही." मला तिथेच विश्वास वाटला. तोंडी चारशे म्हणणारं माणूस लिहिताना २६० वर येतं, म्हणजे लिहायला बसलं की माणूस मोजतं.

भेटीला लाइटवाले भाऊ, ताई आणि मी गेलो, मापाची टेप घेऊन. आधी मागचं गेट बघितलं, छोटा हत्ती स्टेजपर्यंत जातो की सामान हातावर न्यावं लागेल ते. मग डीबी. त्यांनी मेलमध्ये थ्री फेज ६३ अँपिअर लिहिलं होतं, भाऊंनी एमसीबीवरचा आकडा वाचून फोटो काढला. तीन फेज म्हणजे तेच गणित तीनदा, ४३ किलोवॅटच्या आसपास, आमचे १२ त्यात सहज, फक्त सगळे हॅलोजन एकाच फेजवर न टाकता वाटून घ्यायचे असं ते म्हणाले. नंतर जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. भाऊंनी त्यांच्या इलेक्ट्रिशियनला विनंती केली की दादा, दोन मिनिटं मेन पाडा आणि जनरेटर लावा. सोबत आणलेला एक हॅलोजन त्यांनी स्टेजच्या प्रत्येक सॉकेटला लावून बघितला. डावीकडचे पेटले, उजवीकडचे दोन पेटले नाहीत, ते दोन जनरेटरवर नव्हते. मॅनेजर बाईंनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी तिथेच सांगितलं की ते जोडून घेऊ आणि घरी येईपर्यंत मेल आला होता, "उजव्या बाजूचे दोन सॉकेट बुकिंगच्या आठ दिवस आधी जनरेटरवर घेऊ." त्यांनी घेतले, भाऊ जाऊन बघून आले.

जनरेटरच्या पाटीवर ६२.५ केव्हीए होतं, त्याचे किलोवॅट साधारण ५० धरायचे, ०.८ ने गुणून. हॉलचे एसी आणि आमचा स्टेज मिळून त्यात बसतात का हे त्यांच्याच इलेक्ट्रिशियनकडून विचारून घेतलं आणि मेलमध्ये टाकायला लावलं. वेळेबाबत त्यांनी खरं सांगितलं की १० ला देता येणार नाही, सकाळी पूजेचं बुकिंग आहे, १२.३० ला झाडून देऊ. आम्ही कार्यक्रम साडेसहाला नेला. रात्री दहाच्या आत सगळं आटपायचं होतं, म्हणून दोन नाच कमी केले आणि साडेनऊला संपवलं. आणि २६० च खुर्च्या असल्यामुळे दोन बॅचचे दोन कार्यक्रम केले, लहान गटाचा शनिवारी, मोठ्यांचा रविवारी, भाडं जास्त गेलं पण एकही आजी उभी राहिली नाही.

पैसे देताना पावतीवर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "अटी व वेळ दि. अमुकच्या ईमेलप्रमाणे." हे एक वाक्य लिहून घ्यायला विसरू नका, कारण नुसता मेल असेल आणि पावतीवर मागे वेगळंच छापलेलं असेल तर भांडण तिथे सुरू होतं. आणि उत्तर हॉलच्या मेल आयडीवरून आलं पाहिजे, कुणा भाच्याच्या पर्सनल आयडीवरून नाही, पैसेही हॉलच्याच खात्यात. वकील काकांना मी ते सगळं दाखवलं, त्यांनी प्रिंट काढून फाइलला लावलं आणि म्हणाले मूळ मेल इनबॉक्समधून डिलीट करू नकोस, प्रिंट पुरत नाही, गरज पडली तर मेलचं प्रमाणपत्र करून द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ हवा.

रविवारी सव्वाबाराला आम्ही गेटवर होतो. साडेबाराला किल्ली हातात आली. आठव्या नाचाला खरंच लाइट गेली, पूर्ण एरियातली. सात-आठ सेकंद अंधार झाला, मृदंगम वाजवणारे दादा थांबले नाहीत, मुलीही थांबल्या नाहीत, आणि मग उजव्या बाजूचे लाइट डाव्या बाजूच्या बरोबरीने पेटले.